सोलापूरच्या टॉवेलांचा हिशेब, संगमनेरच्या टेबलावरून

ऑनलाइन माल विकणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब मी घरून लिहिते. आधी एका सीएच्या ऑफिसात होते. लग्नानंतर संगमनेरला आले आणि तिथूनच हे काम धरलं. 'लॅपटॉपवर नेमकं काय करतेस?' असं विचारणाऱ्यांना मी सरळ एका गिऱ्हाइकाचा एक महिना उलगडून दाखवते. सोलापूरच्या टॉवेलवाल्यांचा ऑक्टोबर २०२५ त्यासाठी बरा पडतो, कारण या कामात डोकं लागतं ते सगळं त्या एका महिन्यात आहे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेल आणि नॅपकिन घ्यायचे, घरी पॅकिंग करायचं आणि अमेझॉनवर विकायचे, असा त्यांचा धंदा. माल आणि पैसा शेठ बघतात. विक्रेत्याचं खातं त्यांच्या सूनबाई चालवतात, मी त्यांना वहिनी म्हणते. दिवाळी झाल्यावर त्यांचा फोन आला. "ताई, महिन्याला सातशे ऑर्डरी जातात, पण हिशेबात विक्री सव्वादोन लाखांचीच दिसते. बँक म्हणते एवढ्यावर कॅश क्रेडिट वाढवून मिळणार नाही."

सातशे ऑर्डर आणि सरासरी सहाशे रुपयांचा नग, म्हणजे विक्री चार लाखांच्या पुढे हवी. मधले दोन लाख कुठे गेले ते फोनवरच कळलं होतं. त्यांच्याकडे येणारे स्थानिक हिशेबनीस बँकेत जमा झालेली रक्कमच विक्री म्हणून लिहायचे. जीएसटीचं विवरणपत्र मात्र अमेझॉनच्या अहवालावरून भरलं जायचं. त्यामुळे एकाच धंद्याची विक्री सरकारकडे वेगळी आणि वह्यांत वेगळी दिसत होती. हे फार ठिकाणी चालतं, कारण वर्षअखेरपर्यंत कुणाला टोचत नाही.

काम घेताना मी पासवर्ड मागत नाही. अमेझॉनच्या विक्रेता खात्यात दुसऱ्या माणसाला मर्यादित परवानगी देता येते. त्यातून मला फक्त अहवाल आणि पेमेंट दिसतं, किमती किंवा बँक खातं बदलता येत नाही. जीएसटी पोर्टलचा ओटीपी वहिनींच्या फोनवर येतो, तोही ठरलेल्या वेळी फोन करूनच घेते. व्हॉट्सअ‍ॅपवर ओटीपी टाकून ठेवायची सवय मी कुणाला लावत नाही.

महिना संपला की पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी गोळा करायच्या: विक्री आणि परताव्याचा मासिक कर अहवाल, ज्याला सगळे एमटीआर म्हणतात, सेटलमेंटचे अहवाल, म्हणजे अमेझॉनने कुठल्या ऑर्डरमागे काय कापलं आणि बँकेत किती टाकलं ते, आणि बँकेचं स्टेटमेंट. खरेदीची बिलं वहिनी फोटो काढून एका ड्राइव्ह फोल्डरमध्ये टाकतात.

एमटीआरमध्ये प्रत्येक ऑर्डरची एक ओळ असते आणि `Transaction Type` या रकान्यात ती कशाची ते लिहिलेलं असतं: `Shipment`, `Refund`, `Cancel`, `FreeReplacement`. रकमेच्या पूर्ण रकान्याची डोळे मिटून बेरीज केली तर काही खरं नाही. रद्द झालेल्या ओळी बाजूला काढायच्या, परतावे उणे धरायचे आणि मग राज्यवार गोळा करायचं. किरकोळ ग्राहकांची विक्री जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, एकेका बिलाने जात नाही, राज्य आणि कराचा दर धरून एकत्र जाते. राज्यांची नावं आधी एकसारखी करून घ्यावी लागतात, नाहीतर जम्मू-काश्मीर एकदा `&` सह आणि एकदा `AND` सह अशी दोन राज्यं होतात. एखाद्या राज्यात त्या महिन्यात विक्रीपेक्षा परतावे जास्त निघाले तर आकडा उणे येतो. घाबरायचं कारण नाही, तो तसाच भरायचा.

ऑक्टोबरचं चित्र असं निघालं. करासह विक्री ४,२०,०००. परतावे ६३,०००. उरले ३,५७,०००. त्यांचा माल ५ टक्क्यांत बसतो, म्हणजे करपात्र विक्री ३,४०,००० आणि जीएसटी १७,०००. बँकेत मात्र महिन्याभरात चार वेळा मिळून २,२१,६४० आले होते. मधला फरक समजावून सांगता आला, की निम्मं काम झालं.

यासाठी मी टॅलीत 'अमेझॉन येणे' असं एक खातं उघडते आणि अमेझॉनला गिऱ्हाइकासारखं वागवते. विक्री झाली की त्याच्या नावे ३,५७,००० पडतात. मग त्याने कापलेलं एकेक जमा करायचं. कमिशन, क्लोजिंग फी आणि पाठवणीचा खर्च मिळून ९०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १६,२००. जाहिराती १४,०००, त्यावर २,५२०. मग अमेझॉन सरकारसाठी कापून ठेवतं त्या दोन कपाती. जीएसटीचा टीसीएस हा परतावे वजा जाता करपात्र विक्रीवर ०.५ टक्का, म्हणजे १,७०० (१० जुलै २०२४ च्या आधी हा १ टक्का होता). आणि उत्पन्नकराचा टीडीएस ०.१ टक्का, म्हणजे ३४०. तोही १ ऑक्टोबर २०२४ पासून कमी झाला, आधी १ टक्का होता. जुने लेख वाचून आलेली माणसं अजून १ टक्का धरून बसतात आणि मग हिशेब जुळत नाही म्हणून रात्री फोन करतात.

सगळं वजा जाता त्या महिन्याच्या व्यवहारातून मिळायला हवे होते २,३२,२४०. सप्टेंबरअखेर अमेझॉनकडून ४१,३०० यायचे होते, ते यात मिळवायचे. बँकेत आले २,२१,६४०. म्हणजे ऑक्टोबरअखेर अमेझॉनकडे शिल्लक राहायला हवी ५१,९००. महिन्याच्या शेवटच्या दिवसांत गेलेल्या मालाचे पैसे पुढच्या महिन्यात येतात आणि थोडी रक्कम अमेझॉन राखूनही ठेवतं, म्हणून ही शिल्लक कधीच शून्य नसते. ती शून्य दिसली तर मला उलट संशय येतो की कुणीतरी शेवटी फरकाची नोंद मारून खातं बंद केलंय.

आता ही शिल्लक खरी आहे का ते तपासायचं. नोव्हेंबरचे पहिले दोन सेटलमेंट उघडले आणि त्यात ऑक्टोबरच्या व्यवहारांचे किती आले ते वेगळं काढलं. आले ५३,०८०. माझ्या खात्यात ५१,९००. फरक १,१८०.

फरक दिसला की मी आधी एक साधं गणित करते, इथे फरक H52 या चौकोनात आहे:

```
=ROUND(H52/1.18,2)
```

उत्तर गोल आकडा आलं तर तो फरक बहुतेक वेळा कुठल्यातरी शुल्काचा असतो, कारण सगळ्या शुल्कांवर १८ टक्के जीएसटी आहे. १.०५ ने भागून गोल आला तर विक्रीत किंवा परताव्यात शोधायचं. इथे बरोबर १,००० आले. जाहिरातींची बिलं काढली. सगळी बिलं मिळून १६,५२० बरोबर होते, पण त्यातलं एक बिल सेटलमेंटमधून न कापता कार्डावरून गेलं होतं. वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "हो, दिवाळीत जाहिरात बंद पडायला नको म्हणून सासऱ्यांचं कार्ड जोडलं होतं." म्हणजे अमेझॉनने ते पैसे आपल्या येण्यातून कापलेच नव्हते. ते १,१८० अमेझॉनच्या खात्यातून काढून मालकाच्या भांडवल खात्याला जमा केले आणि शिल्लक ५३,०८० वर जुळली.

पैसा जुळला तरी माल जुळलेला नसतो, आणि हे सॉफ्टवेअर सांगत नाही. अहवालात परतावे १०५ होते. मी सगळ्यांना एक साधी वही ठेवायला लावते: परत आलेलं पाकीट उघडायचं, ऑर्डर नंबर लिहायचा आणि माल 'विकण्याजोगा' की 'खराब' ते लिहायचं. वहिनींच्या वहीत १०१ नोंदी होत्या. चार पाकिटांचे पैसे ग्राहकाला परत गेले होते, पण कुरिअरने ती पाकिटं आणलीच नव्हती. त्या चार ऑर्डरींचे नंबर मी काढून दिले, भरपाईचा दावा त्यांनी टाकला. दाव्याला मुदत असते, म्हणून ही जुळणी वर्षातून एकदा करून भागत नाही. आणि वहीतल्या १०१ पैकी 'खराब' किती, ते बघूनच मी मालाची शिल्लक धरते. डाग पडलेला पांढरा टॉवेल शिल्लक मालात पूर्ण किमतीला बसवला की नफा फुगलेला दिसतो.

तारखांचं वेळापत्रक महिनाभर डोक्यात घोळत असतं. अमेझॉनसारख्या कंपन्या १० तारखेपर्यंत आपलं टीसीएसचं विवरणपत्र भरतात. आपला जीएसटीआर-१ मासिक असेल तर ११ तारखेला. म्हणून १० ची संध्याकाळ आणि ११ ची सकाळ मी मोकळी ठेवते. पोर्टलवर टीसीएसचा आकडा दिसला की त्याला २०० ने गुणायचं: १,७०० गुणिले २०० म्हणजे ३,४०,०००. माझी करपात्र विक्रीही तेवढीच निघाली तर विवरणपत्र निर्धास्तपणे पाठवायचं. अमेझॉनमार्फत झालेली ही विक्री जीएसटीआर-१ च्या तक्ता १४ मध्येही कंपनीच्या जीएसटी क्रमांकासह दाखवायची असते. हे बरेच जण गाळतात, कारण त्याने कर वाढत नाही.

१४ तारखेला २बी, म्हणजे आपल्या खरेदीच्या बिलांवरच्या कराचं पत्रक, तयार होतं. त्यात अमेझॉनच्या शुल्काची आणि मालवाल्यांची बिलं आली का ते बघायचं. मग २० पर्यंत ३बी, म्हणजे कर भरायचं विवरणपत्र. उलाढाल पाच कोटींच्या आत असलेल्यांना तिमाही विवरणपत्राची सोय आहे, पण बँकेच्या कामासाठी शेठना दर महिन्याचे कागद हवे होते, म्हणून मासिकच ठेवलं.

३बी भरताना या धंद्यातली एक चमत्कारिक गोष्ट दिसते. टॉवेलवर कर ५ टक्के, पण कमिशन आणि जाहिरातींवर १८. त्या महिन्यात विक्रीवरचा कर १७,००० होता आणि नुसत्या शुल्कांवर भरलेला कर १८,७२०. त्यात माल खरेदीवरचे १०,५०० मिळवले की क्रेडिट, म्हणजे विक्रीच्या करातून वजा करता येणारा कर, २९,२२० होतं. म्हणजे रोखीने एक रुपया भरायचा नाही आणि १२,२२० पुढे ओढायचे. शेठ खूश झाले. "मग हे पैसे परत मागू की," म्हणाले.

मागता येत नाहीत. खरेदीवरचा दर विक्रीपेक्षा जास्त असला की साचलेलं क्रेडिट परत मिळण्याची तरतूद आहे, पण त्या सूत्रात फक्त मालावरचा कर धरतात, सेवांवरचा नाही. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये न्यायालयाने तो नियम कायम ठेवला. त्यामुळे हे क्रेडिट वापरायचं तर विक्रीवरचा कर वाढायला हवा किंवा शुल्कं कमी व्हायला हवीत. दर महिन्याला ते साचतच जाणार असेल तर त्याला नफ्यातला पैसा समजून किंमत ठरवू नये, एवढं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. टीसीएसचे १,७०० मात्र वेगळे आहेत. ते पोर्टलवर वेगळ्या पानावर जाऊन स्वीकारावे लागतात, मग रोख खात्यात जमा होतात. कर रोखीने भरायचाच नसेल तर तिथून परताव्याचा अर्ज करता येतो. त्यांचे मागचे कित्येक महिने कुणी स्वीकारलेच नव्हते. मी एकेक करून स्वीकारले आणि एकत्र अर्ज टाकला.

आता सॉफ्टवेअर. नवशिके सगळ्यात जास्त यावरच विचारतात आणि माझ्या मते यावर सगळ्यात कमी अवलंबून आहे. खातेवही टॅलीप्राइमवर, कारण त्यांच्या सीएला तीच फाइल लागते. एक्सेलमधून थेट आयात होते, त्यामुळे राज्यवार विक्रीच्या नोंदी मी एका शीटमधून चढवते. सातशे ऑर्डरी सातशे व्हाउचरने टाकायला कुणी सांगितलं तर ऐकू नये. प्रत्येक ऑर्डरचं बिल अमेझॉनच्या यंत्रणेतून निघालेलंच असतं आणि एमटीआर आपण जपून ठेवतो. ज्यांना मालकाने आणि मी एकाच वेळी खातं बघायला हवं असतं त्यांच्यासाठी झोहो बुक्स, तिथे फाइल इकडून तिकडे करावी लागत नाही. 'व्यापार' अ‍ॅप वापरणारेही येतात. दुकानाच्या बिलांना ते छान आहे, पण सेटलमेंटची जुळणी मी तरी त्यात करत नाही. खरं काम एक्सेलमध्येच होतं: `SUMIFS`, `XLOOKUP` आणि पिव्होट. ऑर्डर नंबरवरून दोन अहवाल जोडता येणं ही या धंद्याची मुळाक्षरं.

पैशांचं बोलणं झालं तेव्हा शेठ म्हणाले, "आमचे इथले तर पंधराशे घेतात." पंधराशेत काय होतं ते त्यांना दिसलेलंच होतं, म्हणून मी वाद घातला नाही. माझा दर उलाढालीवर नाही, ऑर्डरींवर आहे. चार लाखांच्या पैठण्या विकणाऱ्याच्या महिन्यात पंचवीस ओळी असतात आणि चार लाखांचे टॉवेल विकणाऱ्याच्या सातशे, त्यात परतावे वेगळे. कष्ट ओळींना लागतात. एका मार्केटप्लेसच्या पाचशे ऑर्डरींपर्यंत मी महिन्याला ३,००० घेते, पाचशे ते दीड हजारांपर्यंत ४,५००. प्रत्येक जादा मार्केटप्लेसचे १,२००. जीएसटीची दोन्ही विवरणपत्रं भरायची असतील तर १,००० वेगळे, कारण काहींचे सीए ते स्वतः भरतात. वर्षअखेर खाती सीएच्या हाती देण्याचे एकदाच ५,०००. टॉवेलवाल्यांचे झाले ५,५०० महिन्याला. ही रक्कम पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला, अहवाल गोळा करायच्या आधी.

मागचे महिने दुरुस्त करायचे असतील तर त्याचा दर मी अहवाल बघितल्याशिवाय सांगत नाही. सप्टेंबरअखेरची शिल्लक माहीत होती, म्हणून शेठना सुरुवातीला एकच महिना, ऑक्टोबर, करून दिला. तो पटल्यावर एप्रिलपासूनचे सहा महिने हाती घेतले आणि दर महिन्याला ४,००० ठरले. साचलेल्या महिन्यांत क्रम महत्त्वाचा असतो: एप्रिलची अखेरची शिल्लक जुळल्याशिवाय मे सुरू करायचा नाही. कुणी घाई करून मधलाच महिना मागितला तर मी नकार देते, कारण सुरुवातीची शिल्लकच माहीत नसेल तर पुढचं सगळं वाळूवर.

काय करणार नाही हेही आधीच लिहून देते. जीएसटीच्या नोटिशीला उत्तर, कर्जाचे प्रकल्प अहवाल, भरपाईचे दावे आणि उत्पन्नकराचं विवरणपत्र माझ्याकडे नाही. मी सीए नाही, ऑडिटवर माझी सही चालत नाही. पण सीएसाठी एक कागद बनवून ठेवते, त्यात विक्रीचे तीन आकडे शेजारी असतात: वह्यांतली, जीएसटीआर-१ मधली आणि २६एएस या आयकर खात्याच्या कपातींच्या पत्रकात अमेझॉनने टीडीएससोबत दाखवलेली. अंदाजित नफ्याच्या योजनेत विवरणपत्र भरणाऱ्यांना तर हा फार लागतो. तिथे नफा उलाढालीच्या टक्क्यांवर धरतात आणि उलाढाल म्हणजे ते ३,४०,०००, बँकेत आलेले २,२१,६४० नव्हेत. आयकर खात्याला अमेझॉनकडून कळलेली विक्री आधीच माहीत असते.

एप्रिल ते ऑक्टोबरची खाती बँकेत गेली तेव्हा मॅनेजरने पहिला प्रश्न विचारला तो अमेझॉनकडच्या येण्याचा: हे ५३,०८० किती जुने आहेत? वहिनींनी फोन लावून मला दिला. सगळे पुढच्या दोन सेटलमेंटमध्ये आलेले होते, बँकेत पैसे जमा झाल्याचे यूटीआर नंबर मेलने पाठवले.

जानेवारीत त्यांनी मीशोही सुरू केलं. फी १,२०० ने वाढली. मीशोवर टीसीएसच्या विक्रीची फाइल वेगळी, परताव्याची वेगळी आणि पेमेंटची तिसरी येते, आणि त्यांच्या मालाचे परतावे तिथे अमेझॉनपेक्षा जास्त आहेत. दोन महिने बघू आणि परत बोलू असं वहिनींशी ठरलंय; परताव्यांच्या ओळी अशाच राहिल्या तर त्या जादा मार्केटप्लेसचा दर मला वाढवून मागावा लागेल.